वन्संचा शक्तीचा अर्क

गरोदर बायकांच्या तपासणी विभागात मोठ्या सिस्टरांचा दरारा असा होता, की डॉक्टरसुद्धा शिंकायच्या आधी त्यांच्याकडे एकदा बघून घेत. तेहतीस वर्षं त्या एकाच टेबलामागे बसत होत्या. टेबलाच्या डाव्या हाताला वजनकाटा, उजव्या हाताला रक्तदाबाचं यंत्र आणि समोर अठरा प्रश्नांचा छापील फॉर्म. त्यातले पाच प्रश्न मोठ्या सिस्टर पेशंट खुर्चीत टेकायच्या आतच भरून टाकत. दाराशी बाई दिसली, की एक नजर चेहऱ्यावर, एक चपलांवर, आणि पेन सुरू. दारू घेता का, या प्रश्नापुढे तर त्या रोज सकाळी चहा पिता पिता चाळीस फॉर्मांवर एकदमच ‘नाही’ लिहून ठेवत. दिवसभराची दगदग वाचते, असं त्यांचं म्हणणं. नंतर विचारायचंच झालं तर त्या मान वर न करता विचारत, "दारूबिरू नाही ना घेत?" आणि यावर ‘घेते हो’ म्हणणारी बाई अजून जन्माला यायची होती.

अशा या मोठ्या सिस्टरांच्या घरी एक मुलगा होता. तीस वर्षांचा, पण सगळे त्याला बाळ्याच म्हणत. दिसायला चारचौघांसारखा, स्वभावाने लोण्यासारखा. पण बाळ्याने त्यांना आयुष्यभर जे पळवलं, ते चाळीस पेशंटांनी मिळून पळवलं नव्हतं. लहानपणी रात्री पाठ केलेला सातचा पाढा सकाळी त्याच्या डोक्यातून पाटी पुसल्यासारखा नाहीसा व्हायचा. मोठेपणी तो एका लग्नाला आदल्या दिवशीच जाऊन पोचला होता आणि मंडप बांधणाऱ्यांबरोबर जेवून आला होता. एका अनोळखी माणसाने गोड बोलून त्याची सायकल मागून नेली, ती परत आली नाही. सहा महिन्यांनी तोच माणूस भेटला, पुन्हा गोड बोलला, तेव्हा बाळ्याने त्याला नवी सायकल दिली. नोकऱ्या त्याने सात धरल्या आणि सात सुटल्या. आळशी, बेफिकीर, लक्ष नसलेला, ही तीन विशेषणं मोठ्या सिस्टर इतकी वर्षं वापरत होत्या, की ती त्याच्या नावाचाच भाग झाली होती. "मी मुद्दाम नाही करत गं आई," असं तो म्हणायचा. ते ऐकलं की त्यांचा पारा आणखी चढायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं आणि घरात सून आली. तिने महिनाभर नवऱ्याचं निरीक्षण केलं आणि मग कामाला लागली. बाथरूमच्या दारावर चित्रं चिकटवली: दात, अंघोळ, दाढी. बाहेरच्या दारावर किल्ली, डबा, फोन. एका वेळी ती त्याला एकच काम सांगे, ते झालं की दुसरं. फोनवर दिवसाला नऊ गजर लावून दिले. आठवी नोकरी रोपवाटिकेत होती, तिथल्या मालकालाही तिने जाऊन सांगितलं, की याला तोंडी यादी देऊ नका, कुंड्यांना रंगीत पट्ट्या लावा. ही नोकरी चौदा महिने टिकली होती. मोठ्या सिस्टर मात्र त्या चित्रांकडे बघून नाक मुरडत. घराची बालवाडी केली आहे, असं त्या सुनेला ऐकू जाईल इतक्याच हळू म्हणत.

आता सुनेला चौथा महिना लागला होता आणि म्हणून घरी वन्सं आल्या होत्या. वन्सं म्हणजे मोठ्या सिस्टरांची थोरली नणंद. बहात्तरीची, काठीसारखी ताठ, आणि आपल्या वस्तीतल्या दारूबंदी समितीची बावीस वर्षं अध्यक्ष. दारूचं दुकान बंद पाडायला त्या दुकानाच्या पायरीवर तीन दिवस बसल्या होत्या. सख्ख्या व्याह्याच्या तोंडाला वास आला म्हणून त्यांनी त्याला भरल्या ताटावरून उठवलं होतं. घरात कुणी गरोदर राहिली, की वन्सं पिशवीत दोन बरण्या घेऊन हजर होत. बरणीत शक्तीचा अर्क. काळे मनुके, साखर, चिमूटभर खमीर आणि पाणी, तोंडाला फडकं बांधून चाळीस दिवस अंधारात. दुसऱ्या दिवसापासून त्यात बुडबुडे येत आणि वन्सं कान लावून ते ऐकत. औषध जिवंत झालं, म्हणत. सकाळ-संध्याकाळ एकेक पेला घ्यायचा. अंग गरम होतं, झोप शांत लागते, मळमळ पळते. अकरा बायकांनी तो घेतला होता. मोठ्या सिस्टरांनीही, बाळ्याच्या वेळी, नऊच्या नऊ महिने.

बुधवारी दुपारी दवाखान्यात प्रशिक्षण होतं. बालविकासाच्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, मोठ्या सिस्टरांच्या निम्म्या वयाच्या. विषय होता, गरोदरपणातली दारू आणि बाळावर होणारे परिणाम. मोठ्या सिस्टर पहिल्या रांगेत बसल्या, ते शिकायला नव्हे, चुका काढायला. डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच विचारलं, की दारूबद्दल तुम्ही पेशंटला कसं विचारता? मोठ्या सिस्टरांनी ऐटीत सांगितलं, विचारायला कशाला लागतं, आमच्याकडे कुणीच घेत नाही, तेहतीस वर्षांत एकीच्याही फॉर्मवर ‘हो’ नाही. डॉक्टरीणबाईंनी नम्रपणे विचारलं, फॉर्म कोण भरतं? मागच्या रांगेतली शिकाऊ नर्स खुदकन हसली आणि मोठ्या सिस्टरांनी घुश्शात पर्सची चेन उघडून पुन्हा लावली.

मग डॉक्टरीणबाई सांगत गेल्या. आईने घेतलेली दारू तिच्या रक्तातून वारेतून सरळ बाळाच्या रक्तात जाते. आईचं यकृत त्या दारूचा हळूहळू निचरा करतं, पण बाळाचं यकृत तयारच झालेलं नसतं, म्हणून बाळाच्या वाट्याला ती जास्त वेळ राहते. अमुक एवढी चालते असं ठरलेलं प्रमाण नाही, अमुक महिना सुरक्षित असाही नाही, कारण मेंदू नऊही महिने घडत असतो. नुकसान झालंच तर ते जन्मभराचं. काही मुलांचा चेहरा वेगळा दिसतो, नाकाखालची खाच सपाट, वरचा ओठ पातळ, डोळ्यांच्या फटी लहान. पण बहुतेकांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, आणि म्हणूनच त्यांच्या वाट्याला बोलणी येतात.

इथपर्यंत मोठ्या सिस्टर झाकलेली जांभई देत होत्या. पुढचं ऐकलं आणि जांभई अर्धवट राहिली. काल शिकलेलं आज आठवत नाही, डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. वेळेचा हिशेब लागत नाही. तीन कामं एकदम सांगितली की एकही होत नाही. पुढे काय होईल ते कळायच्या आत हातून होऊन जातं. कुणावरही विश्वास ठेवतात, फसतात, आणि त्याच चुकीतून पुन्हा जातात. बोलायला गोड असतात, म्हणून लोकांना वाटतं सगळं समजतं आहे, आणि मग म्हणतात आळशी आहे, मुद्दाम करतो.

मोठ्या सिस्टरांना पहिला संशय असा आला, की बाळ्याबद्दल या बाईकडे कुणीतरी चुगली केली आहे. त्यांनी मागे वळून शिकाऊ नर्सकडे जळजळीत नजर टाकली. मग त्यांना हायसं वाटलं. आपण तर आयुष्यात दारूला शिवलो नाही, तेव्हा आपला काय संबंध? तेवढ्यात कुणीतरी हात वर करून विचारलं, की घरगुती वाइन तरी चालते का, फळांचीच तर असते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फळ, साखर आणि खमीर एकत्र मुरलं की त्याची दारू होते. बाटलीवर काय लिहिलंय ते बाळाला वाचता येत नाही."

सभागृह हसलं. मोठ्या सिस्टर नाही हसल्या. मनुके, साखर, चिमूटभर खमीर, त्यांच्या मनात वन्संच्या आवाजात कृती सुरू झाली. चाळीस दिवस. बुडबुडे. अंग गरम होतं.  आणि मग दुसरा विचार आला, की बरणी फ्रिजवर आहे, वन्सं घरात आहेत, आणि सून गेले आठ दिवस मोठ्यांचा मान राखून पेला रिकामा करते आहे. त्या उठल्या आणि पर्स छातीशी धरून चालू व्याख्यानातून निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही चुकलं का माझं? मोठ्या सिस्टर दारातून म्हणाल्या, तुमचं नाही.

घरी पोचल्या तेव्हा संध्याकाळचा पेला नुकताच भरला होता. सून नाक दाबून तो तोंडाशी नेत होती. मोठ्या सिस्टरांनी तो तिच्या हातातून घेतला आणि मोरीत ओतला. मग दोन्ही बरण्या ओतल्या. वन्सं बघतच राहिल्या. स्वतःच्या हाताने निवडलेले मनुके मोरीतून वाहत जाताना बघणं, हे त्यांच्या सहनशक्तीपलीकडचं होतं. मोठ्या सिस्टरांनी सांगितलं, की ही दारू आहे, आणि घरात वीज पडली.

वन्सं म्हणाल्या, की बावीस वर्षं अध्यक्ष असलेल्या बाईला तू दारू गाळणारी म्हणतेस? माझ्या तोंडाला कधी वास आला? मला कधी झोकांड्या खाताना बघितलंस? मी स्वतः रोज सकाळी एक पेला घेते आणि मग समितीच्या बैठकीला जाते. मोठ्या सिस्टरांना हे नवीन होतं. बैठका इतक्या जोशात का होतात, याचाही त्यांना उलगडा झाला. शेवटी वन्संनी निक्षून सांगितलं, की मशीनने सिद्ध कर, तर मानेन. आणि पिशवीच्या तळाशी जपून ठेवलेली तिसरी बरणी काढून टेबलावर ठेवली. पुरावा म्हणून.

श्वासातली दारू मोजणारं मशीन दवाखान्यात होतं. रुग्णवाहिकेच्या चालकांना रोज सकाळी गाडीची किल्ली घ्यायच्या आधी त्यात फुंकावं लागे. आकडा शून्य आला तरच किल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरून निघताना वन्संनी सगळ्यांच्या देखत पेला भरून अर्क घेतला आणि दवाखान्याच्या फाटकाशी त्या चालकांच्या रांगेत उभ्या राहिल्या. मशीन सांभाळणारा मुख्य चालक नियमाचा पक्का. त्याने त्यांना चूळ भरायला लावली आणि वीस मिनिटं बाकावर बसवलं, म्हणजे तोंडात राहिलेल्याचा आकडा येऊन उगाच कुणावर अन्याय व्हायला नको. वन्संना हा काटेकोरपणा फार आवडला. असा माणूस आमच्या समितीत हवा, असं त्या म्हणाल्यासुद्धा.

मग त्यांनी पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकर घातली. मशीनने कर्कश शिट्टी मारली. लाल दिवा लागला. मुख्य चालकाने आकडा बघितला, मशीन झटकलं, नवी नळी लावली आणि पुन्हा फुंकायला दिलं. पुन्हा शिट्टी. रांगेतले चालक पायांच्या बोटांवर उभे राहून बघू लागले.

"मावशी," मुख्य चालक अदबीने म्हणाला, "आज तुम्हाला गाडी देता येणार नाही."

चालकांनी तोंडं फिरवून हसून घेतलं. एकाने वन्संना चहा आणून दिला. मोठ्या सिस्टरांनाही हसू आलं, पण वन्सं बाकावर बसल्या होत्या आणि बोटं मोजत होत्या, ते बघून हसू विरलं. एक एक नाव मनात घेत त्या दहा बोटांवरून पुढे गेल्या.

"अकरा जणींना दिला मी," त्या म्हणाल्या. "प्रेमानं दिला गं. तुलाही दिला."

वन्संचा आवाज असा बारीक झालेला मोठ्या सिस्टरांनी कधी ऐकला नव्हता. त्या शेजारी बसल्या. वन्संवर ओरडायचं त्यांनी रात्रभर ठरवलं होतं, शब्दही जुळवून ठेवले होते. पण ओरडणार कोणत्या तोंडाने? वन्सं तर खमीर आणि मनुके एवढंच जाणत होत्या. नर्सिंग शिकलेल्या तर आपणच होतो. सकाळी दुसऱ्या बायकांच्या पोटाची मापं घ्यायची आणि संध्याकाळी घरी येऊन तो पेला प्यायचा, आणि नऊ महिन्यांत एकदाही मनात आलं नाही, की अंग गरम कशाने होतंय.

त्याच दिवशी त्यांनी सुनेला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सून पांढरीफटक पडली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला काही लपवलं नाही आणि उगाच घाबरवलंही नाही. आठ दिवसांत काय झालं, काही झालं की नाही, हे पोटातल्या बाळाची कुठलीही तपासणी सांगू शकत नाही, त्या म्हणाल्या. पण आज थांबवलंत हेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण जेव्हा थांबवाल तेव्हापासून बाळाचा फायदाच. बाळ झाल्यावर त्याच्या वाढीवर लक्ष ठेवू. सुनेने सुटकेचा निःश्वास टाकला. आणि मग सहज, नवऱ्याचा विषय निघाला म्हणून, तिने दारावरच्या चित्रांबद्दल सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? पालकांना आम्ही सहा-सहा महिने शिकवतो ते नेमकं हेच. मोठ्या सिस्टर ‘बालवाडी’ हा शब्द गिळून खिडकीबाहेर बघत राहिल्या.

सून बाहेर गेल्यावर मोठ्या सिस्टरांनी दार लावलं आणि बाळ्याचं सगळं सांगितलं. पेल्यांसकट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की खात्रीने आज नाही सांगता येणार. असं वागण्याला दुसरी कारणंही असतात, त्यासाठी दोन-तीन तज्ज्ञ मिळून त्याची नीट तपासणी करतील. मोठ्या माणसाचीही करता येते. बरं करणारं औषध नाही. पण मेंदू असा आहे हे कळलं, की माणसाला बोल लावणं थांबतं आणि मदत सुरू होते. फक्त तपासणीला त्याची संमती हवी, आणि तुम्ही काय घेतलं होतं ते त्याला तुम्हीच सांगायला हवं. मोठ्या सिस्टर हो म्हणाल्या. आणि मग तीन आठवडे त्यांनी ते सांगितलं नाही.

कामात मात्र त्यांनी स्वतःला जुंपून घेतलं. सकाळच्या चहाबरोबर फॉर्म भरणं बंद झालं. आता त्या पेन खाली ठेवून, पेशंटच्या डोळ्यांत बघून विचारत, की दिवस गेल्याचं कळायच्या आधी किंवा नंतर बियर, वाइन, दारू, घरी मुरवलेलं असं काही घेतलं गेलं का, बऱ्याच जणींकडून घेतलं जातं, मी रागावणार नाही. न रागावता विचारायचा सराव त्यांना आरशासमोर करावा लागला. पहिल्या आठवड्यात चार जणींनी ‘हो’ सांगितलं. त्यातल्या एकीच्या चपला तर अगदी निर्व्यसनी दिसत होत्या. तिकडे वन्संही गप्प बसल्या नाहीत. अकराही घरी त्या जातीने जाऊन आल्या, आणि समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी अध्यक्षांच्याच बरणीविरुद्ध ठराव मांडला. तो एकमताने संमत झाला. बैठक म्हणे फार शांततेत पार पडली.

हे सगळं ठीक होतं. पण घरी आल्यावर बाळ्या समोर बसून जेवायचा, रोपवाटिकेतल्या गमती सांगायचा, आणि मोठ्या सिस्टर ताटातला भात नुसता चिवडत बसायच्या. त्याला कळलं तर तो आपल्याकडे बघणारच नाही, ही एकच भीती. चाळीस बायकांना रोज खरं बोला म्हणणारी बाई स्वतःच्या पोराला घाबरत होती.

एका रविवारी दुपारी बाळ्या गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होता. पिवळी पट्टी म्हणजे रोज, निळी म्हणजे एक दिवसाआड. मोठ्या सिस्टर वर गेल्या आणि पाण्याच्या पिंपावर बसल्या. सुरुवात कुठून करावी ते सुचेना, तेव्हा त्या सुनेची पद्धत आठवून एका वेळी एकच गोष्ट सांगू लागल्या. तू पोटात होतास. मी अर्क घ्यायचे. अर्कात दारू होती. मला माहीत नव्हतं. दारूने बाळाच्या मेंदूला इजा होते. तुझं विसरणं, गोंधळणं, कदाचित त्यामुळे असेल. तपासणी केली तर कळेल. प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबत होत्या आणि बाळ्या मान हलवत होता. झारीतलं पाणी त्याच्याच पायावर सांडत होतं.

त्याने ओला पाय मागे घेतला. मग त्याने झारी खाली ठेवली.

"म्हणजे मी आळशी नव्हतो," तो म्हणाला.

"नव्हतास."

"मुद्दाम नव्हतो करत. मी सांगायचो ना तुला."

"सांगायचास," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मी ऐकलं नाही. अर्काचं मला माहीत नव्हतं, पण ऐकलं नाही ते माझंच चुकलं. किती बोलले तुला."

त्या रडायला लागल्या, ते बघून बाळ्या कासावीस झाला. त्याला कुणाचंही रडणं बघवत नसे. तो त्यांच्याजवळ उकिडवा बसला आणि मातीच्या ओल्या हाताने त्यांचे डोळे पुसू लागला, त्यामुळे चेहरा चिखलाने भरला. आपण तपासणीला जाऊ, तो म्हणाला, फक्त तारीख बायकोला सांग, मला नको. मोठ्या सिस्टर रडता रडता हसल्या.

"आणि बोललीस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस," तो त्यांना समजावत म्हणाला. "त्यातलं निम्मं तर मला आठवतही नाही."

मोठ्या सिस्टरांनी पदराने नाक पुसलं. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं.

"आणि उरलेलं निम्मं?"

बाळ्याने थोडा विचार केला. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"ते आठवतं," तो म्हणाला, आणि त्यांचा हात तसाच हातात धरून बसून राहिला.